जोडावर तंबोरा तुटतोय? मैफलीचे ट्रॅक पाडल्यावर येणारा गॅप कुठून येतो आणि कसा घालवायचा

उत्सवातल्या मैफलीचं रेकॉर्डिंग ट्रॅक पाडून ग्रुपवर टाकलं की दरवर्षी हाच प्रश्न येतो, एक ट्रॅक संपून दुसरा सुरू होताना मध्ये बारीकसा खंड पडतो, तंबोरा क्षणभर गायब होतो आणि परत येतो. पूर्ण रेकॉर्डिंग एका फाइलीत वाजवलं तर तसं काहीच नाही. आमच्याकडे देवगडात एका आजोबांनी तर मोबाइल कानाला लावूनच विचारलं, "रे, तंबोरो मधीच खंय जाता?" प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर पण पक्कं आहे, तो जातो कुठे ते सँपल मोजून दाखवता येतं. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय.

स्टुडिओतल्या गाण्यांना हा त्रास जाणवत नाही कारण दोन गाण्यांच्या मध्ये मुळातच शांतता असते, त्यात अजून थोडी भर पडली तरी कोणाला कळणार. पण लाइव्ह मैफलीत शांतता नसतेच. नाट्यपद संपलं तरी टाळ्या चालू, टाळ्या ओसरल्या तरी तंबोरा चालू, पेटीवाला पुढच्या अभंगाचा सूर धरतोय, मागे समुद्राचा आवाज आणि सभामंडपातल्या पंख्याची घरघर. कान त्या सलग आवाजाला सरावलेला असतो, त्यात सेकंदाच्या शंभरातल्या पाच भागांएवढा खड्डा पडला तरी लगेच टोचतो.

आता एक केस घेतो म्हणजे हवेत बोलणं नको. मैफलीचा उत्तरार्ध, एकच सलग वेव्ह फाइल, 44100 हर्ट्झ 16 बिट. पहिलं नाट्यपद, मग अभंग, मग भैरवी. पहिला कट बरोबर 7 मिनिटांवर, टाळ्या ओसरत आल्यात आणि तंबोरा एकटा ऐकू येतोय तिथे. दुसरा कट 16 मिनिटं 24 सेकंद आणि 30 फ्रेम, इथे फ्रेम म्हणजे सीडीवाली, सेकंदाला 75. सँपलमध्ये सांगायचं तर पहिला कट 18522000 वर आणि दुसरा 43412040 वर. तीन एमपी3 केल्या, पेनड्राइव्हवर टाकल्या, गाडीत लावल्या आणि दोन्ही जोडांवर खड्डा.

सगळ्यात आधी खड्डा किती मोठा आहे ते बघा, कारण कारण वेगळं तर माप वेगळं. प्लेअरचं आउटपुट केबलने लॅपटॉपच्या लाइन-इनला देऊन रेकॉर्ड करा आणि ऑडासिटीत वेव्हफॉर्म मोठा करून जोडावरची सपाट रेघ मोजा. साधारण 26 ते 52 मिलिसेकंद भरली तर तो एन्कोडरचा, म्हणजे वेव्हची एमपी3 करणाऱ्या सॉफ्टवेअरचा मामला आहे. तेवढ्यावर अजून 26 भर पडलेली दिसली तर एन्कोडरचा मामला अधिक एक जादाची फ्रेम, ती कुठली ते पुढे सांगतो. आणि अर्धा सेकंद, एक सेकंद असं काही दिसलं तर फाइलींना दोष देऊ नका, प्लेअर प्रत्येक ट्रॅकनंतर ऑडिओ आउटपुट बंद करून परत उघडतोय. सीडीवर बरोबर 2 सेकंद शांतता आली तर ती बर्नरने घातलेली आहे, डिस्क-अॅट-वन्स न निवडता ट्रॅक-अॅट-वन्सने जाळली की येते ती.

तंबोऱ्यावर मोजणं जड जात असेल, कारण तो स्वतःच लाटेसारखा वरखाली होतो, तर सरळ एक सूर बनवा आणि त्याचे दोन तुकडे करा:

```
sox -n -r 44100 -b 16 sur.wav synth 20 sine 220 vol 0.5
flac --until=441000 -o s1.flac sur.wav
flac --skip=441000 -o s2.flac sur.wav
```

ह्याच दोन तुकड्यांच्या एमपी3 करून त्याच प्लेअरवर लावा. 20 सेकंद एकसारखा सूर ऐकू यायला हवा, मध्ये जे काही होईल ते कोणालाही कळेल, गाण्याचं कान असायची पण गरज नाही. मी कोणाचीही तक्रार आली की आधी ही जोडी पाठवतो, निम्मे वाद इथेच मिटतात.

आता मुळाशी येऊ. एमपी3 एन्कोडर आवाज सँपल-सँपल करून साठवत नाही, 1152 सँपलच्या फ्रेममध्ये साठवतो आणि प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्यावर अर्धा चढलेला असतो. पहिल्या तुकड्याच्या आधी शेजारी कोणीच नाही, म्हणून एन्कोडर पुढे शांतता घालतो. लेम ह्या एमपी3 एन्कोडरमध्ये ही पुढची शांतता 576 सँपलची असते. डिकोडर उलगडताना स्वतःचे अजून 529 सँपल उशीर करतो. म्हणजे तुमचं संगीत सुरू व्हायच्या आधी 1105 सँपल, 44100 ने भागले तर 25 मिलिसेकंद आणि वर थोडंसं. एन्कोडर डिले म्हणतात तो हाच.

शेवटाला पण तसंच. ट्रॅकची लांबी 1152 च्या पटीत सहसा बसत नाही म्हणून शेवटची फ्रेम शांततेने भरावी लागते, शिवाय डिकोडरने उशीर केलेले शेवटचे सँपल बाहेर पडावेत म्हणून लेम शेवटाला किमान 576 तरी ठेवतोच. आपल्या नाट्यपदाचं गणित करून बघा. 18522000 मध्ये 576 मिळवले की 18522576. ह्याला 1152 ने भागलं तर बाकी 720 उरते, म्हणजे फ्रेम पूर्ण करायला 432 हवेत, पण 432 हे 576 पेक्षा कमी म्हणून लेम अजून एक आख्खी फ्रेम घेतो, पॅडिंग झालं 1584. एकूण 16080 फ्रेम, म्हणजे 18524160 सँपल. मूळ होते 18522000. वाढले 2160, म्हणजे 49 मिलिसेकंद.

हे 49 दोन्ही टोकांना वाटलेले आहेत, 25 पुढे आणि 24 मागे. अभंगाच्या फाइलीतही पुढे तेच 25 आहेत. त्यामुळे नाट्यपदाच्या शेवटचे 24 आणि अभंगाच्या सुरुवातीचे 25 मिळून जोडावर 49 मिलिसेकंदांचा खड्डा. आजोबांचा तंबोरा गेला तो इथे. आणि हे नुसतं तंबोऱ्यापुरतं नाही, समजा द्रुत तीनतालात ठेका चालू असताना कट घेतला आणि लय मिनिटाला 240 मात्रा आहे, तर एक मात्रा 250 मिलिसेकंदाची, त्यात 49 ची भर म्हणजे जवळजवळ मात्रेचा पाचवा हिस्सा. हाताने ताल धरणारा माणूस तिथे चुकणारच. पुढच्या ट्रॅकचं पॅडिंग वेगळं येईल कारण लांबी वेगळी, म्हणून प्रत्येक जोडावरचा खड्डा वेगवेगळा असतो, एकच आकडा धरून "सगळीकडून 50 मिलिसेकंद कापून टाकू" हा उपाय चालत नाही.

मग लेमवाल्यांना हे माहीत नव्हतं का, तर होतं आणि म्हणूनच लेम फाइलीच्या सगळ्यात पहिल्या फ्रेममध्ये एक टॅग लिहितो, `Xing` किंवा `Info` असं त्याचं नाव दिसतं. त्यात 3 बाइटमध्ये दोन आकडे असतात, डिले 576 आणि पॅडिंग 1584. समजदार प्लेअर ते वाचतो, पुढचे 1105 सँपल टाकून देतो, मागचे उरलेले 1055 टाकून देतो आणि दोन फाइली सँपलला सँपल लावून वाजवतो. गॅपलेस प्लेबॅक म्हणजे एवढंच, प्लेअरने वाचायचं आणि कापायचं. ज्या प्लेअरला हा टॅग म्हणजे काय तेच कळत नाही तो ती पहिली फ्रेमसुद्धा गाणं समजून वाजवतो, ती असते निव्वळ शांतता, 1152 सँपल म्हणजे 26 मिलिसेकंद. आपल्या जोडावर मग 49 चे 75 होतात. मघाशी जी जादाची फ्रेम म्हटलं ती हीच.

म्हणजे दोष तीनच ठिकाणी असू शकतो. कट चुकलाय, टॅग नाही किंवा चुकीचा आहे, नाहीतर प्लेअर टॅग वाचत नाही. ह्याच क्रमाने तपासायचं, उलट्या क्रमाने गेलात तर दिवस जाईल.

कट आधी. कट नेहमी मूळ वेव्हवर घ्यायचा आणि सँपलच्या आकड्याने घ्यायचा, मिनिट-सेकंद अंदाजाने नाही:

```
flac --until=18522000 -o 01.flac maifal.wav
flac --skip=18522000 --until=43412040 -o 02.flac maifal.wav
flac --skip=43412040 -o 03.flac maifal.wav
```

पहिल्याचा `--until` आणि दुसऱ्याचा `--skip` हा एकच आकडा आहे, कारण `--until` मध्ये दिलेला सँपल स्वतः त्या तुकड्यात येत नाही, तो पुढच्याचा पहिला होतो. ना एक सँपल दोनदा येतो ना एक गळतो. कट शून्यावर, म्हणजे वेव्ह मधल्या रेषेला जिथे छेदते तिथेच घ्यायला हवा असं बरेच जण सांगतात, पण दोन तुकडे परत एकमेकांना चिकटूनच वाजणार असतील तर त्याची काही गरज नाही. फेड तर अजिबात लावू नका. फेड-आउट आणि फेड-इन लावलं की खड्डा फाइलीतच कोरला जातो, मग जगातला कुठलाही प्लेअर तो भरून काढू शकत नाही. ऑडिओ एडिटरमधलं "सुरुवातीची-शेवटची शांतता काढा" हे पण बंद ठेवा, हळू तंबोऱ्याला ते शांतता समजतं.

कट बरोबर बसला का ते कानाने ठरवायचं नाही. तिन्ही तुकडे परत जोडा आणि मूळ फाइलीशी ताडून बघा:

```
sox 01.flac 02.flac 03.flac jod.wav
ffmpeg -i maifal.wav -f md5 -
ffmpeg -i jod.wav -f md5 -
```

दोन्ही एमडी5 सारखे आले पाहिजेत, एक अक्षर जरी वेगळं आलं तरी कट चुकलाय. आपण 24 बिटचं रेकॉर्डिंग वापरत असाल तर ह्या कमांडमध्ये `-c:a pcm_s24le` घाला, नाहीतर एफएफएमपेग 16 बिटवर आणून हिशोब करेल आणि खालच्या बिटांमधला फरक दिसणारच नाही.

आणि आकडे मी 588 च्या पटीत घेतलेत हे कोणाच्या लक्षात आलं असेल. सीडीचा एक सेक्टर 588 सँपलचा, सेकंदाला 75. ट्रॅक त्या सीमेवर संपला नाही तर बर्न करताना उरलेला सेक्टर शून्यांनी भरला जातो आणि तिथे टिक ऐकू येते. आजकाल सीडी कोण करतं म्हणाल, पण देवस्थानच्या कपाटात ठेवायला अजून मागतात, आणि कट ह्या सीमेवर घेण्यात काही जात नाही, फार तर 13 मिलिसेकंद इकडेतिकडे.

आता एन्कोड. इथे मी सरळ लेम वापरतो:

```
flac -dc 01.flac | lame -V 2 - 01.mp3
```

लेमला खरी फाइल लिहायला द्या, आउटपुट पाइपमधून पुढे ढकलू नका. टॅग असतो पहिल्या फ्रेममध्ये आणि पॅडिंग किती झालं ते कळतं शेवटी, त्यामुळे लेमला सगळं संपल्यावर मागे जाऊन आकडा भरावा लागतो, पाइपमध्ये मागे जाता येत नाही. एफएफएमपेगने एमपी3 केली तरी तो टॅग लिहितो, पण त्यालाही हाच नियम. स्क्रिप्ट वापरणाऱ्या बऱ्याच जणांचा टॅग इथेच हरवतो.

तपासायला परत वेव्ह करून सँपल मोजा:

```
ffmpeg -i 01.mp3 tapas.wav
soxi -s tapas.wav
```

उत्तर 18522000 आलं की टॅग जागेवर आहे आणि आकडे बरोबर आहेत. 18524160 आलं तर डिले-पॅडिंग कापलं गेलेलं नाही, म्हणजे टॅगमधले आकडे गेलेत. नुसतं `ffprobe 01.mp3` केलंत तरी चांगल्या फाइलीत `start: 0.025057` असं दिसतं, ते म्हणजे आपलेच 1105 सँपल सेकंदात. मला ती ओळ दिसली की अर्धं समाधान तिथेच होतं.

हे सगळं केलं आणि आज बरोबर वाजलं, पण महिन्याभराने तीच मैफल कोणीतरी परत पाठवतं आणि त्यात गॅप असतो. हा प्रश्न पुन्हा पुन्हा उगवतो त्याचं खरं कारण हे आहे, मधल्या मधे कोणीतरी फाइलीला हात लावलेला असतो. गाण्याचं नाव, फोटो वगैरे बदलला तर एमपी3 ला काही होत नाही, तो आयडी3 टॅग पहिल्या फ्रेमच्या बाहेर असतो. पण "एमपी3 दुरुस्त करा" छापाची टूल पहिली फ्रेम नव्याने लिहितात आणि त्यात लेमचे आकडे उडतात. आवाज कमी येतो म्हणून कोणी मोबाइलवरच्या अॅपमध्ये व्हॉल्यूम वाढवून परत सेव्ह केली, तर ती एमपी3 उलगडून पुन्हा एमपी3 झाली. अॅपने उलगडताना जुने डिले-पॅडिंग कापले नाहीत तर ती शांतता आता संगीताचाच भाग झाली आणि वर नवीन डिले बसला तो वेगळाच. नवीन टॅग अगदी बरोबर असला तरी जुना खड्डा आत गाडलेला राहतो. अशी फाइल ओळखायची खूण म्हणजे मघाची मोजणी, 18522000 ऐवजी 18524160 येतं आणि `start: 0.025057` पण दिसतं. टॅग आहे, प्लेअर चांगला आहे, तरी गॅप आहे. त्यावर उपाय एकच, मूळ फ्लॅककडे परत जा. म्हणून मूळ फ्लॅक कुठेतरी जपून ठेवा, दोन ठिकाणी ठेवा, आमच्या दमट हवेत तर एकाच हार्डडिस्कवर भरवसा ठेवूच नका.

बरं, मूळ वेव्हच नाही, साउंडवाल्याने सगळी मैफल एकच मोठी एमपी3 करून दिलीय, तेव्हा काय? हे फार वेळा होतं. लोक मग एमपी3 कापायचं अॅप घेतात किंवा एफएफएमपेगला `-c copy` देतात. अशा कॉपीत कट फक्त फ्रेमच्या सीमेवर पडतो, म्हणजे 26 मिलिसेकंदांच्या पायऱ्या, ते एकवेळ चालेल. पण एमपी3 मध्ये एका फ्रेमचा डेटा तिच्या आधीच्या फ्रेममध्ये ठेवायची मुभा असते, बिट रिझर्व्हॉयर म्हणतात त्याला. कट पडला की नव्या ट्रॅकची पहिली फ्रेम म्हणते माझा डेटा मागे आहे, आणि मागचं तर दुसऱ्या फाइलीत गेलं. मग ती फ्रेम मुकी होते किंवा चरचरते. जोडावर खड्डा नाही पण खरखर आहे असं असेल तर बहुतेक हेच.

त्यासाठी पीकटएमपी3 नावाचं छोटं जावा टूल आहे, `pcutmp3`. ते पुन्हा एन्कोड न करता कापतं, रिझर्व्हॉयरची सोय लावतं आणि प्रत्येक तुकड्याला नवीन टॅग लिहितं ज्यात डिले-पॅडिंग असे भरलेले असतात की कट सँपलवर बसतो. क्यू शीट, म्हणजे कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो ते लिहिलेली छोटी फाइल, देऊन चालतं. ते जमत नसेल तर माझं स्पष्ट मत, कापूच नका. एकच फाइल आणि सोबत क्यू शीट द्या, फूबार2000 सारखे प्लेअर क्यूवरून ट्रॅक दाखवतात आणि आतून फाइल एकच असल्याने जोडच नसतो. एमपी3 उलगडून, कापून, पुन्हा एमपी3 हा शेवटचा मार्ग, त्यात तंबोऱ्याची जवारी अजून थोडी बोथट होते, आणि मैफलीत तीच तर ऐकायची असते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, सगळं बरोबर असूनही एमपी3 च्या जोडावर कधीकधी बारीक टिक राहते. खड्डा नाही, टिक. कारण प्रत्येक ट्रॅक वेगळा एन्कोड केलाय, नाट्यपद एन्कोड करताना लेमला पुढे अभंग आहे हे माहीतच नाही, त्याला वाटतं पुढे शांतता आहे, आणि चालू आवाजातून एकदम शांततेत उडी मारताना कडेचे सँपल थोडे बिघडतात. सुराच्या चाचणीत हे स्पष्ट ऐकू येऊ शकतं, टाळ्यांवर अजिबात येत नाही. म्हणून शक्य असेल तिथे कट टाळ्यांच्या अंगावर घ्या, एकट्या तंबोऱ्यावर नको. लेममध्ये `--nogap` म्हणून सोय आहे, सगळे ट्रॅक एकदम द्यायचे आणि तो एक सलग प्रवाह समजून एन्कोड करतो:

```
flac -d 01.flac 02.flac 03.flac
lame -V 2 --nogaptags --nogap 01.wav 02.wav 03.wav
```

ह्यात `--nogaptags` विसरलात तर टॅग लिहिलाच जात नाही. मी स्वतः हे क्वचित वापरतो, टिक नकोच असेल तर बिटरेट वाढवण्यापेक्षा आणि हे पर्याय जुळवत बसण्यापेक्षा फ्लॅक द्यावी हे बरं. फ्लॅकमध्ये डिले नाही, पॅडिंग नाही, जितके सँपल आत गेले तितकेच बाहेर येतात.

आयफोनवाल्यांसाठी एएसी करत असाल तर तिथेही हाच प्रकार, फक्त आकडे वेगळे. अॅपलचा एन्कोडर सुरुवातीला 2112 सँपल घालतो आणि ते `iTunSMPB` नावाच्या नोंदीत हेक्समध्ये लिहितो, `00000840` दिसलं की ते 2112. ही नोंद टॅगमध्येच असते, त्यामुळे "नको ते टॅग साफ करा" केलं की ती पण साफ होऊ शकते. आणि नुसत्या `.aac` फाइलीत ही नोंद ठेवायला जागाच नाही, `.m4a` च करा. ओपसची गोष्ट चांगली आहे, सुरुवातीला किती सँपल टाकायचे हा आकडा त्याच्या हेडरमध्ये असलाच पाहिजे असा फॉरमॅटचाच नियम आहे, त्यामुळे टॅग हरवणे हा प्रकारच नाही.

राहिला प्लेअर. लॅपटॉपवर फूबार2000 टॅग वाचतो, एमपीव्हीला `--gapless-audio=yes` द्या म्हणजे तो दोन फाइलींच्या मध्ये आउटपुट बंद करणार नाही. मोबाइलवर सुराची जोडी लावून स्वतः बघा, अॅपच्या जाहिरातीत गॅपलेस लिहिलंय ह्यावर जाऊ नका. क्रॉसफेड चालू असेल तर आधी तो बंद करा. क्रॉसफेडने खड्डा झाकला जातो खरा, पण तो दोन ट्रॅक एकमेकांवर चढवतो, अभंगाचे पहिले शब्द टाळ्यांखाली जातात आणि ठेका चालू असेल तर दोन ठेके एकावर एक.

गाडीतल्या स्टिरिओचं मात्र आपल्या हातात काही नाही. पेनड्राइव्हवरून वाजवणारे बरेच स्टिरिओ टॅग वाचत नाहीत, सुराच्या जोडीने ते दोन मिनिटांत कळतं, आणि त्यांना फाइलीतून समजावायचा कुठलाच मार्ग नाही. फ्लॅक चालत असेल तरी दोन फाइलींच्या मध्ये तो स्वतः थबकत असेल तर थबकणारच. अशांसाठी मी मैफलीच्या दोन आवृत्त्या देतो, मोबाइल-लॅपटॉपला ट्रॅक पाडलेली आणि पेनड्राइव्हला प्रत्येक अर्ध्याची एकेक सलग एमपी3. देवगडहून कणकवलीला जाईपर्यंत उत्तरार्ध सलग वाजतो आणि ट्रॅक बदलायचं बटण कोणाला आठवत पण नाही.